लिफाफा तिथेच उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

घराचं कर्ज फिटलं की आपल्याकडे पेढे वाटतात. वाटावेतच. वीस-वीस वर्षं हप्ता भरणं काही गंमत नाही. पण कर्ज फिटणं आणि घराचे कागद हातात येणं ही दोन वेगळी कामं आहेत. कागद घेतानाच्या सगळ्या चुका बँकेच्या टेबलावर, पाच मिनिटांत होतात, म्हणून आज मी त्या पाच मिनिटांबद्दलच बोलणार आहे.

आधी नियम थोडक्यात. रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं एक परिपत्रक आहे. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांचे कागद परत मिळण्याची वेळ येते, त्या सगळ्यांना ते लागू आहे. बँक असो, सहकारी बँक असो की हाउसिंग फायनान्स कंपनी, पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. त्यांच्यामुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पुन्हा सांगतो, तीस दिवस, आणि पुढे रोजचे पाच हजार. कागद कुठून घ्यायचे, हेही तुम्ही निवडू शकता. कर्जखातं असलेल्या शाखेतून घ्या, किंवा कागद जिथे ठेवलेत त्या कार्यालयातून.

आता तुम्हाला नेरुळच्या काकांची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. एका शाळेत हेडक्लार्क होते. आता हेडक्लार्क ही जात तुम्हाला माहीत आहे. हजेरीपटावर एक खाडाखोड दिसली की ज्यांना रात्री झोप येत नाही, त्यातले काका.

काकांचा फ्लॅट रीसेलचा. पहिल्या मालकाने 2003 मध्ये घेतलेला, काकांनी 2011 मध्ये त्याच्याकडून घेतला. म्हणजे मूळ करारनामे दोन, 2003 चा आणि 2011 चा. रीसेलच्या घरात ही सगळी साखळी लागते, फक्त तुमच्या नावाचा करार पुरत नाही. उद्या तुम्ही घर विकायला काढलं, की घेणाऱ्याची बँक पहिला प्रश्न विचारते, आधीचा मूळ करार कुठे आहे?

काकांनी 10 जूनला शेवटची रक्कम भरली. 4 जुलैला फोन आला, कागद आलेत, घेऊन जा. काका गेले, काकू बरोबर. दोघांच्या नावावर कर्ज होतं, त्यामुळे दोघांच्याही सह्या लागणार होत्या. टेबलावरच्या मुलाने मोठा खाकी लिफाफा पुढे ठेवला, त्यावर एक छापील कागद ठेवला आणि म्हणाला, "सर, इथे सही करा, सगळी कागदपत्रं मिळाली म्हणून."

काका म्हणाले, "मिळाली की करतो."

मुलगा म्हणाला, "सर, लिफाफा सीलबंद आहे, मुख्यालयातून तसाच आलाय."

काका म्हणाले, "मग सील तोडायला कात्री द्या."

मागे रांग होती. एक बाई तर म्हणाली, "काका, घरी जाऊन बघा ना, सगळ्यांना घाई आहे." काकूंनाही जरा अवघडल्यासारखं झालं. काकांनी पिशवीतून एक जुना कागद काढला. कर्ज घेताना कागदपत्रं जमा केली, तेव्हा बँकेनेच दिलेली यादी. तेव्हाच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेली. तेरा-चौदा वर्षं काकांनी ती जपून ठेवली होती. (लॅमिनेट केलेली नव्हती, हे आवर्जून सांगतो. स्टेशनबाहेर जी लॅमिनेशनची दुकानं आहेत, त्यांनी ठाण्यातल्या किती घरांचे कागद कायमचे खराब केले असतील, देव जाणे. मूळ दस्त कधीही लॅमिनेट करू नका. शिक्का, सही, कागदाची जात नीट तपासता येत नाही आणि पुढचा वकील नाक मुरडतो.)

तर काकांनी यादीप्रमाणे एकेक कागद बाजूला काढायला सुरुवात केली. 2011 चा करार, आहे. त्याची नोंदणी पावती, आहे. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा इंडेक्स टू, आहे. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट, आहे, नाव बरोबर. 2003 चा करार, आहे. मुलगा म्हणाला, "झालं ना सर?"

काका पानं उलटू लागले. तुमच्याही करारात बघा, नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर एक छोटा शिक्का असतो. त्यात नोंदणी कार्यालयाची खूण, दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि एकूण किती पानांपैकी हे कितवं, असं लिहिलेलं असतं. ठाण्याच्या कार्यालयाची खूण टनन. काकांच्या 2011 च्या करारावर टनन होतं. पण 2003 च्या करारावर? प्रत्येक पानावर पवल. पवल म्हणजे पनवेल. काकांचं घर नेरुळचं, त्याची नोंदणी पनवेलला कशाला होईल? पहिलं पान बघितलं, तर आत भलत्याच माणसाचं नाव, आणि फ्लॅट कामोठ्याचा. वर्ष मात्र तेच, 2003. जाडीही साधारण तेवढीच.

टेबलावर एकदम शांतता झाली. मागच्या रांगेतली बाई पुढे येऊन बघायला लागली. तिच्या हातातही तसाच लिफाफा होता.

मग काकांनी काय केलं ते नीट ऐका. ते भांडले नाहीत. छापील पावतीवर त्यांनी पेनाने लिहिलं, "यादीतील 2003 चा मूळ करारनामा मिळालेला नाही. त्याजागी दुसऱ्या व्यक्तीचा दस्त आढळला, तो परत केला. बाकी कागदपत्रं मिळाली." खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि त्याची प्रत बँकेच्या शिक्क्यासह स्वतःकडे. ही ओळ लिहिली नसती, तर कागदोपत्री काकांना सगळं मिळालं होतं.

दोन दिवसांनी बँकेतून फोन आला, "सर, तुमचा करार हरवलाय असं धरून आम्ही सर्टिफाइड कॉपी काढून देऊ." काका म्हणाले, "हरवलाय असं लेखी द्या." त्यांना नियम पाठ होता. कागद खरोखर हरवला किंवा खराब झाला, तर सर्टिफाइड किंवा डुप्लिकेट प्रत काढण्यात बँकेने मदत करायची, खर्चही तिनेच सोसायचा. त्या कामासाठी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, आणि रोजच्या पाच हजारांची मोजणी एकूण 60 दिवसांनंतर सुरू होते. म्हणजे हरवला म्हटलं, की मीटर उशिरा सुरू. हरवला नुसतं तोंडी म्हणून चालत नाही, उशिराचं कारण बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं.

लेखी मागितल्यावर शोध नीट झाला. काकांच्या आणि त्या कामोठ्याच्या माणसाच्या कर्ज खात्याच्या क्रमांकांत शेवटचे दोन आकडे उलटसुलट होते. काकांचा 2003 चा करार कामोठ्याच्या कुटुंबाच्या कपाटात होता. त्यांचं कर्ज एप्रिलमध्ये फिटलेलं, लिफाफा घेऊन गेले, सगळं मिळालं म्हणून सही केली आणि तो न उघडता तसाच कपाटात ठेवला. घर विकायला काढलं असतं, तेव्हाच कळलं असतं.

काकांना मूळ करार 18 जुलैला मिळाला. हिशेब करा. 10 जूनपासून 30 दिवस, 10 जुलैला संपले. तिथून 18 जुलै, आठ दिवस. आठ गुणिले पाच हजार, चाळीस हजार. बँकेने आधी का-कू केलं, "हरवल्याची मुदत धरा" म्हणाले. काकांनी लिहिलं, कागद हरवलाच नव्हता, तुम्ही दुसऱ्याला दिला होता, आणि मिळाला तो मूळच मिळाला, प्रत काढावीच लागली नाही. चाळीस हजार खात्यात जमा झाले. कामोठ्याच्या कुटुंबाने काहीच मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी त्यांचीच सही आडवी आली असती.

तर यादी. कर्ज घेताना मिळालेली ती कागदपत्रांची यादी शोधून ठेवा. सापडली नाही, तर कर्ज बंद करण्याच्या अर्जातच बँकेकडे तिची प्रत मागा. यादी हातात, मग लिफाफा, मग सही. या क्रमाने.

आता ना-देय दाखला, ज्याला सगळे एनओसी किंवा नो ड्यूज म्हणतात. तो घेताना चार गोष्टी वाचा. सगळ्या कर्जदारांची नावं, खात्याचा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, आणि बँकेचा या मिळकतीवर आता काही हक्क किंवा बोजा नाही हे वाक्य. नुसतं "खातं बंद झालं" एवढं पत्र अपुरं आहे. मध्येच टॉप-अप घेतला असेल, किंवा विम्याच्या हप्त्यासाठी वेगळं छोटं कर्ज असेल, तर त्याचा खाते क्रमांक वेगळा असतो. ते उघडं राहिलं, की बँक कागद अडवते आणि दोष तुमच्याकडे येतो. म्हणून दाखल्यात सगळे खाते क्रमांक हवेत.

सही करून दिलेले कोरे चेक परत मागा. बँक खात्यातली हप्त्याची स्वयंचलित सूचना बंद झाली का, तेही बघा. कर्जासोबत घेतलेली विमा पॉलिसी बँकेच्या नावे केलेली असेल, तर ती स्वतःच्या नावावर परत करून घ्या.

मग बोजा. सरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे, तिथे बँकेने तुमच्या घरावर आपला हक्क नोंदवलेला असतो. तो उतरवणं बँकेचं काम, त्याच तीस दिवसांत. उतरला का, हे थोडं शुल्क भरून तिच्या संकेतस्थळावर शोधता येतं. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर ते सोडवणारा दस्तही नोंदवावा लागतो. आणि सोसायटी! सोसायटीच्या दप्तरात तुमच्या फ्लॅटपुढे बँकेच्या कर्जाची नोंद असते. दाखल्याची प्रत सेक्रेटरींना द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे सेक्रेटरी दर दोन वर्षांनी बदलतात, तोंडी सांगितलेलं टिकत नाही. सिडकोच्या जमिनीवरच्या घरासाठी कर्ज घेताना सिडकोची ना हरकत घेतली असेल, तर तिथेही एक प्रत द्या.

बँक दाद देत नसेल, तर आधी तिच्याच तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पत्त्यावर तक्रार करता येते. पण कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल, तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करा. ज्याचं कर्ज, त्याप्रमाणे दार. तक्रारीसोबत शेवटची रक्कम भरल्याची पावती आणि कमी असलेल्या कागदांची नोंद केलेली ती पोच जोडा.

नमस्कार.