येझदी, आरडी आणि रविवारचा एक तास

आपल्या कोल्हापुरात ‘छंद’ हा शब्द फक्त शाळेच्या निबंधात सापडतो. बाकी ठिकाणी ‘नाद’. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. नादाचं कौतुकही आपण करतो, फक्त तो दुसऱ्याच्या घरातला असला तर. स्वतःच्या घरात त्याच शब्दाला धार येते. “ह्यांना नाद लागलाय.”

मी बरीच वर्षं नवरा-बायकोच्या भांडणांत मधे बसते. आज एकाच जोडप्याबद्दल सांगते, त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं. तो शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर, ती एका पतसंस्थेत. त्यानं एक जुनी येझदी घेतली. बोनसच्या पैशातून घेतली, त्यामुळं त्यावर भांडण नव्हतं. भांडण सुरू झालं ते गाडी उघडल्यावर. ज्यांच्या घरी येझदी होती त्यांना आठवत असेल, हिची किक आणि गिअर एकाच दांडीत. आणि म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्येच बंद पडला, म्हणजे प्रत्येक सुटा भाग शोधावा लागतो, आणि ज्याच्याकडं मिळतो तो भाव सांगतो.

माझ्याकडं आली तेव्हा ती म्हणाली, “मी काय बोलायला गेलो की हे गॅरेजमध्ये निघून जातात.” (बाहेरगावच्या लोकांनी हसू नये. आमच्याकडं बाई ‘मी गेलो’ म्हणते.)

मी विचारलं, बोलायला जाता म्हणजे नेमकं काय म्हणता? तर पहिलंच वाक्य, “त्या भंगारावर अजून किती घालवणार?” आणि ते सकाळी, चहाच्या वेळी, सासूबाई समोर असताना. आता ही गाडी ज्या मेकची आहे, तीच त्याच्या वडिलांकडं होती. वडील गेले, गाडी त्याआधीच विकली गेली होती. हे तिलाही माहीत होतं. पण रागात माणूस भंगारच म्हणतं.

1999 साली जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी अमेरिकेतल्या 124 नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावून ते त्यांनी टिपून ठेवलं होतं. पुढं कुणाचा संसार मोडेल, याचा अंदाज पहिल्या तीन मिनिटांवरूनही बांधता येत होता. अमेरिकेतलं इथं जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणत नाही. पण पहिलं वाक्य वाकडं पडलं की पुढचं बोलणं पैशांवर राहत नाही, हे मी माझ्या खोलीत रोज बघते. तो गाडीची बाजू घेत नव्हता, वडिलांची घेत होता.

म्हणून मी तिला आधी घरी गप्प बसायला सांगितलं आणि महिन्याचा हिशेब मांडायला लावला. गाडीचा नव्हे, घराचा. दोघांचे मिळून हातात येतात 59,000. घराचा हप्ता, मुलांची व्हॅन आणि क्लास, किराणा, औषधं, विमा, आरडी, पेट्रोल, सगळं धरून 51,500. उरतात 7,500. सणवार, पाहुणे, लग्नातले आहेर सगळं याच्यातच बसायचं. मग त्यानं गाडीवर घातलेले पैसे तिनं मोबाईलवरच्या नोंदींतून जमवले. अकरा महिन्यांत 68,000, म्हणजे महिन्याला साधारण 6,200. त्याला ते कधी जाणवलंच नव्हतं, कारण एकावेळी जायचे नऊशे, कधी चौदाशे. खोटं तो बोलत नव्हता. बेरीज केली नव्हती, एवढंच.

आता इथं मी हट्ट धरला. म्हटलं, कागदावर आधी तुझा खर्च लिही. ती जरा चमकली. साड्यांचे हप्ते आणि बाकीचं धरून तिचे निघाले 1,800. दोघांचे मिळून 8,000, शिल्लक 7,500. म्हणजे एकही पाहुणा आला नाही तरी महिना पाचशेनं तुटतोय. आरडीचे चार हप्ते का चुकले, याचं उत्तर तिथंच होतं. स्वतःचा आकडा वरती लिहिलेला कागद समोर ठेवला की समोरच्याला आपण आरोपी आहोत असं वाटत नाही.

मग रविवार ठरला. मुलं आजोळी, सासूबाई भजनाला. नवा भाग घरी आला त्या दिवशी नाही आणि पगाराच्या आदल्या दिवशीही नाही. तिचं पहिलं वाक्य आम्ही दोघींनी बसून घासून ठेवलं होतं. “अहो, आरडीचे चार हप्ते चुकलेत, मला भीती वाटतीय. माझं काय गेलंय ते मी लिहिलंय. तासभर बसूया?” यात गाडी हा शब्दच नाही. तो बसला.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. “गाडी पूर्ण व्हायला अजून काय काय उरलंय?” किती घालवणार, आणि काय उरलंय, ऐकायला सारखंच वाटतं. पहिल्याला उत्तर म्हणून माणूस चिडतो, दुसऱ्याला यादी करतो. त्यानं वही घेतली. सायलेन्सर, क्रोम, सीट, वायरिंग. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, तो खर्च त्यानं धरलाच नव्हता, तो त्याला तिथंच आठवला. बेरीज 18,000.

ठरलं ते असं. 7,500 मधले 2,500 सणवार-आहेराला, 1,000 अडीअडचणीला, आणि 2,000 त्याचे, 2,000 तिचे, वेगळ्या खात्यांत. त्या दोन हजारांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. टोमणा मारायचा नाही हेही त्यात आलं. 18,000 ला नऊ महिने लागतील. गाडी इतकी वर्षं थांबली, अजून थांबेल, असं तोच म्हणाला.

मोडलं का? मोडलं. तिसऱ्या महिन्यात जुन्या बाजारात मूळ स्पीडोमीटर दिसला, 3,400 ला. मित्राकडून उसने घेऊन आला. यावेळी तिनं आरडाओरडा केला नाही. “हे पुढच्या दोन महिन्यांतनं वळते करायचे का?” एवढंच विचारलं. त्यानं मान हलवली. दोन महिने गाडीला हात लागला नाही. मला विचाराल तर खरी परीक्षा ती होती.

हे सगळं कुठं चालत नाही, तेही सांगते. पार्सल ऑफिसात मागवली जातायत, खात्याचं पासबुक दिसेनासं झालंय, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तेवढी भरली जातेय आणि थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतंय, किंवा सोनं कुठं गहाण आहे ते कळत नाही, तर तो नाद नव्हे, लपवाछपवी आहे. तिथं वहीच्या आधी कर्ज किती हे कळलं पाहिजे. पत्ते, पैजा असतील तर दोन हजारांची मोकळीक हा उपायच नाही, व्यसनाच्या डॉक्टरांकडं जावं लागतं. आणि विषय काढायलाच भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, तर रविवारचा तास ठरवू नका, आधी माहेरच्या किंवा बाहेरच्या कुणाला तरी सांगा.

त्या येझदीचा सायलेन्सर अजून बाकी आहे. गेल्या आठवड्यात ती भेटली, म्हणाली, “मॅडम, आवाज एवढा येतोय की शेजारचे आता माझ्याकडं तक्रार करतात.” मग जरा थांबून म्हणाली, “सायलेन्सरला माझ्यातले पाचशे घालू का, असा विचार करतोय मी.” मी तिला म्हटलं, तुमचे दोन हजार आहेत, मला कशाला विचारताय.