जुनी गोळी, नवी गोळी आणि मधले चार महिने

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेतील व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

नमस्कार. विषय फलकावर लिहिलेलाच आहे, झोपेच्या नव्या गोळ्या. सुरुवातीला एक विचारते. इथे रोज रात्री झोपेची गोळी घेणारे किती जण आहेत? हात वर करायला लाजू नका. पाच, सहा... बरं, मागचे काका अर्धाच हात वर करतायत, म्हणजे अर्धी गोळी घेत असणार. ठीक आहे, अर्धीसुद्धा मोजू.

मी सव्वीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. आज जे सांगायचंय ते एका काकूंमुळे माझ्या मनात पक्कं बसलं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. नाव सांगत नाही.

काकू अडुसष्ट वर्षांच्या. नऊ वर्षांपूर्वी यजमानांची बायपास झाली. त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर रात्री काढताना झोप उडाली, म्हणून कुणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिली, पाव मिलिग्रॅमची. यजमान बरे होऊन घरी आले, फिरायलाही जाऊ लागले, गोळी मात्र राहिली. दर खेपेला चिठ्ठीवर 'तेच चालू ठेवा' एवढंच लिहिलं जायचं. मध्येच कधीतरी पावाची अर्धी मिलिग्रॅम झाली. नऊ वर्षांत एकानेही विचारलं नाही की काकू, ही गोळी कशासाठी सुरू केली होती? मला याचा खरोखर राग येतो. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, विक्रीची नोंद मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. कायद्याने तिची एवढी दखल घेतली, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने घेतली नाही.

तर काकूंची मुलगी न्यू जर्सीला असते. आईला रात्री तीनला जाग येते, बाथरूमला जाताना तोल जातो, हे तिला फोनवर कळत होतं. तिकडे नव्या प्रकारच्या गोळ्या मिळतात म्हणून येताना तिने लेंबोरेक्संटची बाटली आणली, पाच मिलिग्रॅमची. 'आई, ही घे, ती जुनी टाकून दे.' आईने ऐकलं. त्याच रात्री जुनी बंद, नवी सुरू.

पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या रात्री छातीत धडधड, घाम. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना हात एवढा थरथरला की बशीत चहा सांडला. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, 'डॉक्टर, अमेरिकेची गोळी पण फुकट गेली. मला काही होतच नाही हिने.'

त्यांच्याजागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण गोळी फुकट गेली नव्हती. जे झालं ते जुनी अचानक सोडल्यामुळे झालं आणि नवी गोळी ते भरून काढू शकत नाही. ती तशी बनलेलीच नाही. हे का, ते नीट कळलं तर आजचं अर्धं व्याख्यान झालं.

जुन्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, डायझेपाम आणि त्यांची चुलत बहीण झोल्पिडेम. या सगळ्या एकाच दारातून आत जातात. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम पेशींना शांत करणं. या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. अडचण अशी, की गाबा फक्त झोपेच्या खोलीत नसतो. तोल सांभाळणाऱ्या भागात आहे, आठवणी साठवणाऱ्या भागात आहे, सगळीकडे आहे. म्हणजे निजायच्या खोलीतला दिवा मंद करायला गेलात आणि जिन्यातलाही मंद झाला. रात्री तीनला उठलात की जिना अंधारात. काकूंचा तोल तिथेच जात होता. शिवाय रोज गोळी मिळत राहिली की मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल करतो, गोळी आहेच म्हणून. ती एकदम काढली की उरतो सैल ब्रेक. धडधड, घाम, थरथर त्यातून येते. डोस मोठा आणि वर्षं जास्त असतील तर फिटसुद्धा येऊ शकते. झोपेच्या गोळीचं वाईट व्यसन म्हणून लोक काकूंना बोलतात, ते मला मान्य नाही. लिहून दिलेली गोळी लिहून दिल्याप्रमाणे त्यांनी घेतली. शरीराला तिची सवय झाली, एवढंच.

आता नव्या गोळीचं दार. इथे मला कुत्र्यांची गोष्ट सांगायलाच हवी, वेळ गेला तरी चालेल. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉबरमन कुत्र्यांचं एक घराणं पाळलं होतं, अजब आजाराचं. समोर आवडीचं खाणं ठेवलं की कुत्रा आनंदाने धावत यायचा आणि वाटेतच पाय लुळे पडून जमिनीवर कोसळायचा. बेशुद्ध नाही, डोळे उघडे, पण उभं राहता येत नाही. थोड्या वेळाने उठून परत खायला. माणसांतही हा आजार असतो, दिवसाच झोप कोसळण्यासकट, त्याला नार्कोलेप्सी म्हणतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांना मेंदूतलं एक नवं रसायन सापडलं. एका गटाने त्याला ओरेक्सिन म्हटलं, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. पुढच्याच वर्षी, १९९९ ला, त्या डॉबरमनांचं कोडं सुटलं. ओरेक्सिन ज्या कुलपात बसतं त्यातलं एक कुलूपच त्यांच्यात जन्मतः बिघडलेलं होतं. हा आजार असलेल्या माणसांत सहसा कुलूप ठीक असतं, पण ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात.

म्हणजे ओरेक्सिन हा जागं ठेवणारा राखणदार. सकाळपासून तो इतरांना हाका मारत असतो, 'ए, झोपू नकोस.' तो नसला की दिवसाच झोप कोसळते. मग औषध बनवणाऱ्यांनी उलटा विचार केला. रात्रीपुरतंच त्याचं तोंड बंद केलं तर? त्यातून सुव्होरेक्संट २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, लेंबोरेक्संट २०१९ मध्ये, डॅरिडोरेक्संट २०२२ मध्ये. या गोळ्या मेंदूवर झोप लादत नाहीत, जागं ठेवणारी हाक बंद करतात. म्हणून त्या जुन्या गोळ्यांसारखी गुंगी आणत नाहीत. गाबाच्या गोळीने 'चढल्यासारखं' वाटतं, त्या वाटण्याची ज्यांना सवय आहे त्यांना नवी गोळी पाण्यासारखी लागते. काकूंना 'काही होतच नाही' वाटलं त्याचं हे दुसरं कारण. तिसरं अगदी घरगुती. त्या गोळी घ्यायच्या नऊला, जेवण झाल्या झाल्या. पोट भरलेलं असलं की ही गोळी उशिरा चढते. ती निजायच्या वेळी, पुढे किमान सात तास अंथरुणात मिळणार असतील तेव्हाच घ्यायची.

जिन्यातल्या दिव्याचं काय? पंचावन्नच्या वरच्या लोकांना मध्यरात्री मुद्दाम उठवून त्यांचा तोल मोजला गेला. लेंबोरेक्संटने तोल थोडा बिघडला, पण झोल्पिडेमपेक्षा कमी. 'अजिबात बिघडत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि नार्कोलेप्सी असलेल्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, कारण डॉबरमन आठवा. इतरांतही क्वचित जाग येताना अंग हलत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, दुसऱ्या दिवशी सुस्ती राहते. म्हणून नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या सकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. बुरशीच्या काही औषधांबरोबर, उदाहरणार्थ इट्राकोनाझोलबरोबर, या नव्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण फार वाढतं. नायट्यासाठी आपल्याकडे ती गोळी सर्रास चालू असते, म्हणून मुद्दाम सांगते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं राहिलीत आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या तर अजून आल्याच नाहीत! पटापट सांगते.

या तिसऱ्या गटाचं दार हिस्टामिनचं, तेही मेंदूला जागं ठेवणारं एक रसायन. सर्दीच्या जुन्या गोळीने डोळे जड होतात ना, तेच. डॉक्सेपिन हे १९६९ पासूनचं डिप्रेशनचं औषध, त्यासाठी डोस पंचाहत्तर ते तीनशे मिलिग्रॅम. पण तीन किंवा सहा मिलिग्रॅम एवढंच दिलं तर ते जवळजवळ फक्त हिस्टामिनलाच अडवतं, बाकीच्या दारांना हात लावत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये झोपेसाठी ते मंजूर झालं. मला यात आवडणारी गोष्ट अशी, की लवकर झोप लागते पण पहाटे तीनला उडते, अशांना ते जास्त उपयोगी. रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा ते सांभाळतं. जेवणानंतर तीन तासांच्या आत घ्यायचं नाही. काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार किंवा लघवी अडण्याचा त्रास असला तर नाही.

याच घरातली ॲमिट्रिप्टिलिन. ही मात्र कमी डोसमध्येही इतर दारं ठोठावते. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ. प्रोस्टेट वाढलेल्या एका काकांना झोपेसाठी कुणीतरी पंचवीस मिलिग्रॅमची दिली आणि दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण अडून नळी घालावी लागली. ट्रॅझोडोन जगभर झोपेसाठी लिहिली जाते, पण अमेरिकेच्या निद्रावैद्यकांच्या संघटनेने २०१७ मध्ये निद्रानाशासाठी ती वापरू नये अशी शिफारस केली. उठताना रक्तदाब घसरतो, म्हणजे परत बाथरूमच्या वाटेवर पडणं. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, काहींचे पाय रात्री अस्वस्थ होतात. डिप्रेशन खरोखर असेल आणि झोपही जात असेल, तर हीच औषधं पूर्ण डोसमध्ये चांगलं काम करतात. तो वेगळा हिशोब.

काकूंचं सांगून थांबते. मी त्यांना त्या रात्री अल्प्राझोलाम अर्धी मिलिग्रॅम परत सुरू करायला सांगितली. मुलीला फार वाईट वाटलं, आपण आईला त्रास दिला म्हणून. नवी बाटली कपाटात ठेवली. मग पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या, म्हणजे तोडायला सोप्या. आधी दीड गोळी, तीन आठवडे. मग एक. मग अर्धी. प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री वाईट जायच्या, मग घडी बसायची. शेवटच्या अर्ध्या गोळीला सर्वांत जास्त वेळ लागला, सहा आठवडे आणि मध्ये एकदा मागे जावं लागलं. सगळं मिळून चार महिने. याच काळात दुपारची दोन तासांची झोप बंद केली आणि झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून बसायचं ठरवलं. गोळ्यांआधी खरं तर हेच करायला हवं होतं.

मग तीच बाटली कपाटातून काढली. तीच गोळी, तेच पाच मिलिग्रॅम, आता निजताना, जेवणानंतर बऱ्याच वेळाने. चौथ्या दिवशी फोन आला. 'डॉक्टर, अडीचला जाग आली, बाथरूमला जाऊन आले आणि परत लागली.' पूर्ण रात्रीची झोप नव्हे. अजूनही एकदा जाग येतेच. पण त्या रात्री भिंत धरावी लागली नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

प्रश्नांना पाच मिनिटं आहेत. आणि मागचे काका, तुम्ही आज रात्री अर्धी गोळी नेहमीसारखीच घ्या. पाकीट घेऊन माझ्याकडे या, मग पाहू.