‘फ्रेंड्स’ एका रात्रीत कुठे गेली?

[पडद्यावर: टीव्हीवरचा सर्च बॉक्स. मालिकेचं नाव टाइप होतं. खाली दुसऱ्याच मालिकांची पोस्टर्स येतात.]

३१ डिसेंबर २०१९ला अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सवर ‘फ्रेंड्स’चे दहाही सीझन होते. १ जानेवारीला एकही नव्हता. त्याच दिवशी ब्रिटनमधल्या माणसानं तेच अ‍ॅप उघडलं असतं, तर त्याला ती मालिका जिथल्या तिथे सापडली असती.

अशा वेळी पहिला संशय अ‍ॅपवर जातो. आपण लॉगआउट करून बघतो, अपडेट शोधतो, स्पेलिंग तपासतो. पण अ‍ॅपचा यात काही दोष नसतो. संपलेला असतो एक कागद.

[पडद्यावर: कराराचं पान, त्यावर तीन ओळी ठळक होतात.]

‘फ्रेंड्स’ची मालकी वॉर्नर ब्रदर्सची. नेटफ्लिक्सनं ती कधी विकत घेतलेलीच नव्हती, ठरावीक काळासाठी दाखवण्याचे हक्क घेतले होते. असा करार करताना तीन गोष्टी आधी ठरतात: मालिका कोणत्या देशात दाखवायची, किती काळ दाखवायची, आणि त्या काळात ती दुसऱ्या कुणाला दाखवता येईल की नाही. यातला देशाचा मुद्दा प्रेक्षकाच्या कधी डोळ्यासमोर येत नाही. आपल्या दृष्टीनं नेटफ्लिक्स एकच असतं. कागदावर मात्र अमेरिकेचे हक्क वेगळे, ब्रिटनचे वेगळे, आणि दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नसतं.

अमेरिकेतल्या कराराची धाकधूक वर्षभर आधीच दिसली होती. डिसेंबर २०१८मध्ये मालिकेच्या पानावर ती १ जानेवारी २०१९पर्यंतच असल्याचं झळकलं, आणि प्रेक्षकांनी सोशल मीडियावर एकच गलका केला. नेटफ्लिक्सनं करार आणखी एक वर्ष वाढवून घेतला. बातम्यांत आलेला आकडा होता त्या एका वर्षासाठी ८ ते १० कोटी डॉलर. त्याआधी हीच रक्कम वर्षाला साधारण ३ कोटी असल्याचं सांगितलं जात होतं. नवा एकही भाग बनत नसलेल्या मालिकेचं भाडं तिपटीच्या आसपास गेलं, ते मालिका बदलली म्हणून नाही. मालकाला आता स्वतःचं दुकान उघडायचं होतं.

ते दुकान म्हणजे एचबीओ मॅक्स. जुलै २०१९मध्ये घोषणा झाली की ‘फ्रेंड्स’ आता तिथेच दिसेल. अमेरिकेतल्या हक्कांसाठी पाच वर्षांचे ४२.५ कोटी डॉलर मोजल्याचं छापून आलं. गंमत अशी की देणारा आणि घेणारा एकाच समूहातले. एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायला एवढा आकडा कशाला? कारण अशा मालिकेच्या कमाईत निर्मात्यांचा आणि कलाकारांचा वाटा असतो. घरच्या घरी स्वस्तात दिली, तर तो वाटा बुडतो आणि प्रकरण वकिलांकडे जातं.

[पडद्यावर: २०२०चं कॅलेंडर. जानेवारी ते मे, पानं उलटतात.]

एचबीओ मॅक्स सुरू झालं २७ मे २०२०ला. नेटफ्लिक्सचा करार संपला होता डिसेंबरअखेर. मधले जवळजवळ पाच महिने अमेरिकेत ‘फ्रेंड्स’ महिन्याचे पैसे भरून बघायच्या कोणत्याच मोठ्या सेवेवर नव्हती. भाग विकत घ्या, डीव्हीडी लावा, नाहीतर केबलवर जे लागेल ते बघा. मालिका गेली म्हणजे ती लगेच दुसरीकडे उगवेलच, हा आपला समज इथे खोटा पडतो. दोन करारांच्या मधली पोकळी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

मग ब्रिटनमध्ये ती का राहिली? एचबीओ मॅक्स तेव्हा तिथे आलंच नव्हतं. एचबीओच्या मालिका तिथे स्काय ही टीव्ही कंपनी दाखवत होती, आणि ‘फ्रेंड्स’ २०१८पासून नेटफ्लिक्सकडे होती. स्वतःचं दुकान नाही त्या गावात माल दुसऱ्याच्या दुकानातून विकणंच मालकाच्या फायद्याचं. देशादेशांतल्या कॅटलॉगमधला बराचसा फरक या एका वाक्यात बसतो. उरलेल्या फरकामागे कुठे गाण्यांचे हक्क असतात, कुठे डबिंगचे, तर कुठे सेन्सॉरचे नियम.

[पडद्यावर: ‘ओरिजिनल’ असा लाल शिक्का असलेली दोन पोस्टर्स.]

इथे एक शिक्का आपल्याला हमखास फसवतो. ‘नेटफ्लिक्स ओरिजिनल’ असं लिहिलं की वाटतं, ही तरी कुठे जाणार नाही. ‘बेटर कॉल सॉल’ अमेरिकेत एएमसी वाहिनीची मालिका होती. अमेरिकेबाहेर कितीतरी देशांत तीच मालिका नेटफ्लिक्स ओरिजिनल म्हणून आली. तिथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की या देशात ही आमच्याशिवाय कुणाकडे नाही. ‘डेअरडेव्हिल’ तर खास नेटफ्लिक्ससाठी बनली होती, पण बनवली डिस्नेच्या मालकीच्या मार्व्हलनं. २८ फेब्रुवारी २०२२ हा तिचा नेटफ्लिक्सवरचा शेवटचा दिवस ठरला. मार्चच्या मध्यावर अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांत ती डिस्ने प्लसवर उघडली. शिक्का बघू नका. निर्माता कोण, ते बघा.

आणि निर्माता तोच असला, प्लॅटफॉर्मही त्याचाच असला, तरी खात्री नाही. डिस्नेची ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२च्या शेवटी डिस्ने प्लसवर आली आणि मे २०२३मध्ये त्यांनीच ती काढून टाकली. कुणाचाही करार संपला नव्हता. कंपनीनं तेव्हा बरेच कार्यक्रम एकदम उतरवले आणि हिशेबात सुमारे दीड अब्ज डॉलरचं मूल्य कमी दाखवलं. असं जाणं आधी ओळखता येत नाही, कारण त्याला मुदतीची तारीखच नसते. मला विचाराल तर सगळ्यात वाईट हेच. भाड्याची मालिका निदान दुसऱ्या घरी तरी जाते.

[पडद्यावर: ब्राउझरचा पत्ता. शेवटचे आकडे ठळक होतात.]

आता शोध कसा घ्यायचा, ते ‘फ्रेंड्स’वरच बघू.

नेटफ्लिक्सवर प्रत्येक मालिकेला एक आकडा असतो. ‘फ्रेंड्स’चं पान netflix.com/title/70153404 या पत्त्यावर आहे. देश बदलला तरी हा आकडा बदलत नाही. नावानं शोधलं की अ‍ॅप ‘हे नाही, पण असंच हे बघा’ म्हणून विषय बदलतं. आकड्यानं थेट गेलात तर पान उघडतं किंवा उघडत नाही. म्हणून आवडीच्या मालिकेचा पत्ता आजच कुठेतरी लिहून ठेवा. ती गेल्यावर तो शोधणं जास्त कटकटीचं असतं.

पान उघडलं तर तपशिलात ‘नेटफ्लिक्सवर बघण्याचा शेवटचा दिवस’ अशी ओळ आहे का, ते बघा. ती मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी दिसू लागते. तारीख नीट वाचायची. काही याद्यांमध्ये बघता येण्याचा शेवटचा दिवस दिलेला असतो, काहींमध्ये मालिका नसण्याचा पहिला दिवस. ३१ तारखेची मालिका १ तारखेची समजून शेवटचा भाग हुकलेले लोक मी पाहिले आहेत. आणि ही ओळ दिसली म्हणजे मालिका गेलीच असंही नाही. २०१८मध्ये ‘फ्रेंड्स’च्या बाबतीत झालं तसं शेवटच्या क्षणी नूतनीकरण होतं आणि ओळ गुपचूप नाहीशी होते.

पण हे झालं आपल्या देशापुरतं आणि एका सेवेपुरतं. बाकीच्या देशांसाठी जस्टवॉचसारखी साइट लागते. तिथे देश निवडा, नाव टाका. निकालात सबस्क्रिप्शन, भाड्यानं आणि विकत असे प्रकार वेगळे दिसतात. इथे घाई करू नका. पोस्टरखाली ओळखीचा लोगो दिसला म्हणून आनंद होतो, आणि नंतर कळतं की तिथे प्रत्येक सीझनचे वेगळे पैसे आहेत.

ज्यांना कमांडची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. टीएमडीबी ही चित्रपट-मालिकांची माहिती ठेवणारी साइट जस्टवॉचचीच देशवार माहिती एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमला थेट उत्तर देणाऱ्या सोयीतून देते. खातं उघडून एक की घ्यावी लागते. तिथे ‘फ्रेंड्स’चा क्रमांक १६६८.

```
curl -s "https://api.themoviedb.org/3/tv/1668/watch/providers?api_key=KEY" | jq '.results.GB.flatrate[]?.provider_name'
```

KEY च्या जागी स्वतःची की घाला. उत्तरात ब्रिटनमध्ये सबस्क्रिप्शनवर ही मालिका दाखवणाऱ्या सेवांची नावं येतील. GB च्या जागी US लिहिलं की अमेरिका. ब्रिटनचा कोड UK नाही, GB आहे. UK लिहिलंत तर चूक असल्याचं कुणी सांगत नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं आणि मालिका गेली असं वाटतं. `flatrate` म्हणजे सबस्क्रिप्शन, `rent` म्हणजे भाड्यानं, `buy` म्हणजे विकत.

[पडद्यावर: साधी वही. तारीख, देश, सेवा असे तीन रकाने.]

या माहितीत आजची स्थिती कळते. काल काय होतं आणि उद्या काय असेल, ते त्यात नसतं. म्हणून इतिहास आपणच ठेवायचा. आठवड्यातून एकदा हीच कमांड चालवा आणि उत्तर तारखेसह एका फाइलमध्ये जोडत जा. दोन-तीन महिन्यांत नोंदींतून दिसू लागतं, की अमुक देशातून नाव गळालं आणि अमुक सेवेवर उगवलं. एखाद्या आठवड्यात रिकामं उत्तर आलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. अशा साइट्सना प्लॅटफॉर्मवरचा बदल कळायला वेळ लागतो, कधी एकाच नावाच्या दोन मालिकांची गल्लत होते, कधी दहातले चारच सीझन असताना अख्खी मालिका असल्याचं दिसतं. रिकामं उत्तर आलं की आकड्याचा पत्ता उघडून स्वतः खात्री करायची.

[पडद्यावर: विमानतळ. फोनवर तेच अ‍ॅप, पण होमपेज वेगळं.]

एक शेवटची गल्लत प्रवासात होते. कॅटलॉग ठरतो तो तुम्ही आत्ता जिथे आहात त्या देशावरून. पैसे कुठून भरता, याला महत्त्व नाही. अ‍ॅप हे इंटरनेटच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून ओळखतं. युरोपीय संघातल्या ग्राहकांना इथे सूट आहे. १ एप्रिल २०१८पासून लागू असलेल्या नियमानुसार संघातल्या दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेलात, तर पैसे भरून घेतलेल्या सेवेवर घरचाच कॅटलॉग मिळायला हवा. बाकीच्या प्रवाशांनी अर्धवट राहिलेली मालिका यादीत दिसेनाशी झाली, तर आधी आपण कोणत्या देशात उभे आहोत ते आठवावं. घरी परतल्यावर ती बहुतेक वेळा तिथेच असते, जिथे थांबवली होती त्याच मिनिटाला.