लिंक उघडते, पण लेख कुणाचा?

(दृश्य: संगणकाचा पडदा. संदर्भसूचीतली एकच नोंद हळूहळू मोठी होते.)

```
Franklin RE, Gosling RG. Molecular structure of nucleic acids.
Nature 1953;171:740-741. doi:10.1038/171737a0
```

निवेदन: ही नोंद आम्ही या चित्रीकरणासाठी मुद्दाम बनवली आहे. पण अशा नोंदी संदर्भसूच्यांत खरोखर सापडतात, आणि वाचताना त्यांत काही म्हणजे काही खटकत नाही. रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग ही नावं खरी. ‘नेचर’ खरं, 1953 हे वर्षही खरं. शीर्षकाचे शब्द खरे. लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, चालू आहे. तरीही असा लेख आजवर कुठेही छापून आलेला नाही.

(दृश्य: कर्सर डीओआयवर येतो. क्लिक.)

विद्यार्थिनी: मॅडम, लिंक तर उघडतेय.

ग्रंथपाल: उघडतेय गं. पण उघडलं काय, ते वाच की.

निवेदन: उघडलेल्या पानावर लेखक आहेत वॉटसन आणि क्रिक. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना मांडणारा हा त्यांचा लेख. शीर्षक नोंदीशी जुळतं, लेखक मात्र जुळत नाहीत. बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत. पान उघडलं की नोंदीपुढे बरोबरची खूण करून पुढे सरकतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. डीओआय चालतो याचा अर्थ एवढाच की त्या क्रमांकावर कुठला तरी लेख नोंदलेला आहे. तो आपल्याला हवा असलेलाच लेख आहे, हे शीर्षक, लेखक, वर्ष आणि पृष्ठं समोरासमोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य: पडद्याचे दोन भाग. डावीकडे नोंद, उजवीकडे क्रॉसरेफचा तपशील.)

```
https://api.crossref.org/works/10.1038/171737a0
```

निवेदन: क्रॉसरेफ ही डीओआय नोंदवणारी एक संस्था. प्रकाशकांनी तिच्याकडे दिलेला तपशील कुणालाही फुकट पाहता येतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की त्या डीओआयचं शीर्षक, लेखक, नियतकालिक, खंड आणि पृष्ठं एका जागी दिसतात. आता एकेक रकाना ताडून पाहू. शीर्षक वॉटसन आणि क्रिक यांच्या लेखाचं. डीओआयही त्याच लेखाचा. पण नोंदीत पृष्ठं 740–741 आहेत, आणि हा लेख तर 737–738 वर आहे.

(दृश्य: डीओआयचे शेवटचे आकडे ठळक होतात.)

निवेदन: हे आकडे जरा जवळून पाहा. 171 हा खंड, 737 हे पृष्ठ. डीओआयच्या या भागाला अर्थ असलाच पाहिजे असा नियम नाही, पण ‘नेचर’च्या जुन्या लेखांत खंड आणि पृष्ठ त्यातच गुंफलेले आहेत. म्हणजे डेटाबेस उघडण्याआधीच नोंदीतली विसंगती डोळ्यांना दिसत होती. नोंद म्हणते पृष्ठ 740, आणि तिचाच डीओआय म्हणतो 737.

(दृश्य: बांधीव खंडाची पानं उलटणारे हात.)

निवेदन: 25 एप्रिल 1953 च्या अंकात डीएनएवरचे तीन लेख एकापाठोपाठ छापले गेले. 737 वर वॉटसन आणि क्रिक. 738 वर विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन. 740 वर फ्रँकलिन आणि गॉसलिंग. त्या तिसऱ्या लेखाचं खरं शीर्षक पाहा.

```
Molecular Configuration in Sodium Thymonucleate
doi:10.1038/171740a0
```

निवेदन: आपली नोंद दोन लेखांची सरमिसळ आहे. लेखक आणि पृष्ठं एका लेखाची, शीर्षक आणि डीओआय दुसऱ्याचं. इथे बहुमताने निकाल लागत नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन साक्षी आहेत. मग लेखकाचं नाव आणि वर्ष टाकून शोधावं, तर तिथेही फसगत होते. फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचाच आणखी एक लेख त्याच वर्षी जुलैमध्ये ‘नेचर’च्याच 172 व्या खंडात आला होता. लेखक तेच, वर्ष तेच, नियतकालिकही तेच.

(दृश्य: पबमेडच्या तीन खिडक्या शेजारीशेजारी.)

```
13054692   13054693   13054694
```

निवेदन: पबमेड ही वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या लेखांची ऑनलाइन सूची. तिच्यात त्या तीन लेखांचे हे क्रमांक, ओळीने लागलेले. शेवटचा आकडा चुकला की त्याच अंकातला, त्याच विषयावरचा, भलत्याच लेखकांचा लेख समोर येतो. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणून टंकनातली चूक बहुधा लगेच पकडली जाते. पबमेडच्या क्रमांकात किंवा डीओआयमध्ये तशी सोय नाही. मनाने रचलेला पबमेड क्रमांकसुद्धा पुष्कळदा कुठला ना कुठला खरा लेख उघडून दाखवतो.

शीर्षकावरून शोधतानाही सावध राहावं लागतं. क्रॉसरेफच्या शोधात शीर्षक टाकलं, की जवळपास जाणारे निकाल येतातच. नसलेल्या लेखाचं शीर्षक टाकलं तरी येतात. पहिला निकाल म्हणजे जुळलेला निकाल नव्हे.

(दृश्य: पडद्यावर दुसरी नोंद उमटते.)

```
Van der Geer J, Hanraads JAJ, Lupton RA. The art of writing
a scientific article. J Sci Commun 2000;163:51-59.
```

निवेदन: ही नोंद मात्र आम्ही बनवलेली नाही. लायडनचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना ती खटकली, आणि अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी 2017 मध्ये तिचा माग प्रसिद्ध केला. जवळजवळ 400 लेखांनी हा संदर्भ दिलेला होता. मूळ लेख मात्र कुठेच नव्हता. संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने लेखकांना दिलेल्या सूचनांतला तो निव्वळ नमुना होता.

ही नोंद कशी पकडायची? उल्लेख शेकडो, पण लेखाची स्वतःची नोंद एकही नाही, ही पहिली खूण. वर्ष कुठे 2000, तर कुठे 2010, ही दुसरी. आणि खंडाचा आकडा. जवळपास याच नावाचं एक खरं नियतकालिक आहे, पण ते 2002 मध्ये सुरू झालं. 2000 साली त्याचा 163 वा खंड निघणं शक्यच नाही. असे संदर्भ मूळ न पाहता पुढे उचलले जातात आणि सूचीमागून सूचीत पसरतात.

(दृश्य: ग्रंथालयातली कपाटं. कार्डांचे खण.)

निवेदन: पण उलटी चूकही होऊ नये. क्रॉसरेफवर मिळालं नाही म्हणजे संदर्भ खोटा, असं नाही. जुनी पुस्तकं, प्रबंध आणि अनेक भाषांतली लहान नियतकालिकं यांना डीओआय नसतोच. तिथे ग्रंथालयांच्या सूच्या पाहायच्या, त्या खंडाची अनुक्रमणिका मिळवायची आणि सांगितलेल्या पृष्ठावर कुणाचा लेख आहे ते बघायचं. वर्षात एकाचा फरक असेल तर लगेच संशय नको, लेख डिसेंबरमध्ये ऑनलाइन येऊन जानेवारीच्या अंकात छापला गेलेला असू शकतो. आद्याक्षरं गळतात, नावांची स्पेलिंग बदलतात. पण आडनावं, शीर्षक आणि पृष्ठं असं सगळंच एकदम हलत असेल, तर ती टंकनातली चूक नाही.

(दृश्य: पुन्हा विद्यार्थिनी. प्रबंधाचं पान. ज्या वाक्याला हा संदर्भ जोडला आहे, त्यावर बोट.)

निवेदन: आता निर्णय या वाक्यावर. ते क्ष-किरण चित्राबद्दल बोलत असेल, तर फ्रँकलिन आणि गॉसलिंग. दोन साखळ्यांमधल्या जोड्यांबद्दल असेल, तर वॉटसन आणि क्रिक. वाक्यावरूनही उलगडा झाला नाही, तर तपासणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने दुरुस्ती करू नये. समासात एवढंच लिहावं: “लेखक व पृष्ठे एका लेखाची, शीर्षक व डीओआय दुसऱ्याचे आहे. हे विधान कोणता लेख वाचून केले ते कळवा आणि त्याचे पहिले पान जोडा.”