ड्रायव्हरच्या टोपीवर वेलांटी: फोटोवरून मुखपृष्ठ करताना

नमस्कार. आज मी एकच काम घेऊन बसणार आहे, एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या आठवणींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. त्यांच्या घरून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आला, साधारण तीन बाय चार इंचाचा. भर दुपारचं ऊन आहे, साहेब डावीकडे उभे आहेत, गाडी उजवीकडे आहे आणि त्यांची नजर फोटोच्या डाव्या कडेकडे लागलीय. फोटो झकास, पण टोपी वरच्या कडेला जवळजवळ टेकलेली आणि बूट खालच्या कडेला. म्हणजे माणूस फ्रेममध्ये ठासून भरलेला, आता नाव लिहायचं कुठं?

नवीन मुलं इथं काय करतात, आधी चित्र फिनिश करतात, शेडिंग-बिडिंग सगळं, आणि मग शीर्षक टाकायला जागा शोधतात. मी पण हेच केलंय, माझ्या एका जुन्या कामात नायकाच्या कपाळावरच रफार बसला होता आणि ते छापूनही झालं. म्हणून आता मी उलटं करतो, आधी पूर्ण कव्हर सपाट आखून घेतो.

डेमी साइज, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे अंदाजे १४० बाय २१६ मिलिमीटर. पानं १९२. आता १९२ पानं म्हणजे कागद ९६, कारण एका कागदाला दोन बाजू, हे सांगायला लागू नये पण लोक चुकतात आणि स्पाइन डबल धरतात. प्रेसनी दिलेला कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड होता, म्हणजे झाले ९.६, त्यात कव्हरच्या कार्डाची दोन्हीकडची जाडी मिळवली की स्पाइन १० मिलिमीटरच्या आसपास. कागदाची जाडी मात्र स्वतः अंदाजानं धरू नका, जीएसएम तेच असलं तरी जाडी बदलते, त्याच कागदाची कोरी डमी मागवा आणि मोजा. तर सपाट कव्हर म्हणजे डावीकडे मलपृष्ठ १४०, मध्ये १०, उजवीकडे मुखपृष्ठ १४०, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, कारण कटिंग कधीच केसाइतकं नेमकं होत नाही.

आता मुखपृष्ठावर पेन्सिलनी दोन खोके. वरून ७० मिलिमीटर शीर्षकाला, खालून ३० लेखकाच्या नावाला. शीर्षक दोन ओळींचं होतं, वरच्या ओळीत उकार, खालच्या ओळीत दीर्घ वेलांटी. इंग्रजी कॅपिटल अक्षरं विटांसारखी एकावर एक रचता येतात, आपलं तसं नाही, शिरोरेषेच्या वर पण कारभार चालतो आणि अक्षराच्या खाली पण. उकार आणि वेलांटी एकमेकांत अडकली की दोन ओळींमध्ये जागा वाढवायला लागते आणि मग खालची ओळ सरळ टोपीवर येते. म्हणून खोका आखताना 'कखग' लिहून बघू नका, खरं शीर्षक मात्रांसकट लिहून बघा. मला तर ती अक्षरं हातानीच काढायला आवडतात, म्हणजे वेलांटी जरा आखूड करता येते. कमल शेडग्यांची अक्षरं ज्यांनी बारकाईनं बघितलीत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

मग माणूस बसवला. टोपी वरून ८० मिलिमीटरवर आणली, माणूस गुडघ्यापर्यंतच घेतला आणि गुडघ्याखाली पँट आणि रस्त्यावरची सावली एकाच गडद रंगात मिसळून टाकली, त्या गडद पट्ट्यात लेखकाचं नाव. वरचं आभाळ फोटोत नव्हतंच, ते मी वाढवलं. नुसता फोटो लावला असता तर हे आभाळ चिकटवल्यासारखं दिसलं असतं, सपाट रंगात चित्र असलं की ते सहज खपतं, स्टायलाइज करण्याचा माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा फायदा.

रंग तीनच. आभाळाला फिकट मोहरी, मध्ये विटकरी, आणि निळसर काळा. फोटोशॉपमध्ये `Threshold` मारून थेट ट्रेस करायला गेलो तर १२८ वर टोपीची सावली, डोळे आणि मिशा सगळं मिळून एकच काळा डाग, दरोडेखोर वाटायला लागले साहेब. ८० वर आणलं तर डोळे सुटे झाले पण खाकी शर्ट पांढरा पडून आभाळात गायब. एका आकड्यात अख्खा फोटो बसत नाही, दुपारच्या उन्हातला तर नाहीच. म्हणून दोन वेगळे प्रिंट काढले, चेहरा एकातून घेतला, कपडे दुसऱ्यातून, आणि वरच्या लेयरवर हातानी काढलं. हातानी काढताना कुठली रेघ सोडायची हे आपण ठरवतो. शर्टाच्या चुण्या जवळजवळ सगळ्या सोडल्या, पण डाव्या भुवईतली खोक ठेवली, घरच्यांनी ओळखलं ते त्याच्यावरून.

आता नजर. मुखपृष्ठाच्या डावीकडे स्पाइन असते, म्हणजे साहेब स्पाइनकडे बघतायत, आणि आपल्याकडे सगळे म्हणतात की माणूस पुस्तक उघडतं त्या बाजूला बघायला हवा. प्रकाशकांचा लगेच फोन, "अहो, फोटो फ्लिप करा ना." फ्लिप केला की नंबरप्लेट उलटी, ती एक वेळ नीट लिहिता येते, पण काचेतून दिसणारं स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला जातं. एसटीच्या ड्रायव्हरचं पुस्तक, वाचणारे निम्मे डेपोतले, त्यांनी पहिल्यांदा तेच पकडलं असतं! मी फ्लिप केलं नाही, रस्ता आणि आभाळ तसंच स्पाइनवरून मलपृष्ठावर नेलं. आता ते बघतायत तो मागच्या बाजूचा रिकामा रस्ता, त्याच मोकळ्या आभाळावर मजकूर, आणि खाली कोपऱ्यात बारकोडला पांढरा चौकोन, साधारण ३७ बाय २६ चा.

स्पाइनवर मुद्दाम वेगळं काहीच चित्र नाही. बाइंडिंगमध्ये कव्हर एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे सरकतंच, स्पाइनला वेगळा रंग दिला की त्याची बारीक पट्टी मुखपृष्ठावर डोकावते आणि सगळ्या गठ्ठ्यात प्रत्येक प्रत वेगळी दिसते. रंग सलग असला की सरकलेलं कळत नाही. अक्षरं मात्र सरकलेली कळतात, म्हणून १० मधले दोन्हीकडून दीड-दीड सोडले, उरले ७, आणि त्या ७ मध्ये वेलांटी ते उकार सगळं बसवायचं, म्हणजे मूळ अक्षराला जेमतेम ४. नाव वरून खाली वाचायचं असं फिरवलं, पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवलं की स्पाइन सरळ वाचता येते. काही जण अक्षरं सुटी करून एकाखाली एक रचतात, ते देवनागरीत करू नका हो, शिरोरेषा तुटते आणि काना बिचारा एकटाच उभा राहतो.

फायनल पाठवायच्या आदल्या संध्याकाळी परत फोन, लेखकांनी दोन प्रकरणं वाढवलीत, १२ चे १४ फर्मे झाले. १६ पानांचा फर्मा, म्हणजे १९२ ची २२४ पानं, ११२ कागद, स्पाइन जवळपास १२. मुखपृष्ठाला हातच लावला नाही, मलपृष्ठाचा ग्रुप डावीकडे २ मिलिमीटर सरकवला, मध्ये रस्ता आणि आभाळ तेवढंच ताणलं, स्पाइनवरचं नाव नव्या मध्यावर आणलं आणि अर्ध्या तासात फाइल गेली. लेखकांना स्पाइनवरचं नाव आता थोडं मोठं हवं होतं, ते केलं, ४ चं ५ झालं.