तीननंतर पाच

(पडद्यावर: रजिस्ट्रीचे तीन पिवळट कागद, डाव्या कडेला फायलीची भोकं.)

इंदूर, रामबाग. लागून असलेल्या दोन भूखंडांची, बारा आणि तेरा नंबरची, ही जुनी रजिस्ट्री, हिंदीत टाइप केलेली. कागद तीन, मजकूर दोन्ही बाजूंना, म्हणजे पानं सहा.

भाच्याने आधी तिन्ही कागदांच्या पुढच्या बाजूंचे फोटो काढले, मग गठ्ठा उलटा करून मागच्या बाजूंचे. मोबाइलमध्ये क्रम झाला एक, तीन, पाच, सहा, चार, दोन. वर लिहिलेले पानांचे आकडे फोटोत कापले गेले. त्याच क्रमाने त्याने चतुःसीमेचा, म्हणजे कोणत्या भूखंडाच्या कोणत्या दिशेला काय आहे त्याचा, तक्ता भरला.

"मामा, तेरा नंबरची उत्तर-दक्षिण तेवढी सापडत नाही. बारा नंबर पूर्ण झाला."

मामांनी तेराकडे पाहिलंच नाही. "अरे, बाराच्या दक्षिणेला बारा नंबरच कसा?"

(पडद्यावर: तिसऱ्या पानाचा तळ, शेजारी चौथ्या आणि पाचव्या पानाचा माथा.)

बारा नंबरची पूर्व-पश्चिम तिसऱ्या पानाच्या तळाशी संपते. त्याची उत्तर-दक्षिण चौथ्या पानाच्या माथ्यावर आहे: उत्तरेला तेरा नंबर, दक्षिणेला गल्ली. चौथं पान संपताना तेरा नंबर सुरू होतो आणि त्याचीही उत्तर-दक्षिण पुढच्या, म्हणजे पाचव्या पानावर जाते: उत्तरेला रस्ता, दक्षिणेला बारा नंबर. दोन्ही पानं एकाच शब्दांनी सुरू होतात, "उत्तर दिशा में". त्यामुळे तीननंतर पाच लावलं तरी वाक्य कुठेच अडखळत नाही. तेराची माहिती बाराला चिकटते आणि चौथ्या पानावरची खरी माहिती आली, की ती दुबार समजून सोडली जाते. रिकामी जागा तेरापुढे दिसते, चूक मात्र बारापुढच्या भरलेल्या रकान्यात असते. वाईट प्रकार हाच.

मग क्रम ठरवायचा कशावरून? फोटोच्या वेळेवरून नाही, ती फक्त फोटो कधी काढला ते सांगते. इथे भोकं कामाला आली. पुढच्या बाजूला ती डावीकडे दिसतात, मागच्या बाजूला उजवीकडे. तिसऱ्या पानावर भोकं डावीकडे आहेत, तेव्हा त्याच्यापुढचं पान उजवीकडे भोकं असलेलंच हवं. पाचवं तिथे बसूच शकत नाही.

भाच्याने तक्ता पुसला. आता तो प्रत्येक पानाची माहिती वेगळी लिहितो, पान क्रमांकासकट. ज्या ओळीला भूखंडाचं नाव नाही, तिच्यापुढे "मागच्या पानावरून" एवढंच. जोडणी क्रम पक्का झाल्यावरच. एकाच रकान्यासाठी दोन उत्तरं आली, तर दोन्ही ठेवायची आणि पान उघडून बघायचं.

शेवटी एक ताळा: बाराची उत्तर तेरा असेल, तर तेराची दक्षिण बाराच हवी.

कागद एकाच बाजूने टाइप केलेले असते, तर भोकांचा काही उपयोग नव्हता. अशा वेळी वरच्या कडेचे पानांचे आकडे दिसतील असे फोटो पुन्हा काढावे लागतात.