नको, पण का नको

(दृश्य: ठाणे, नौपाडा. क्लिनिकमधली छोटी खोली. टेबलावर कोरा कागद, पेन, चहाचे तीन कप.)

"मला इंजेक्शन नको."

कागदावर तिनं लिहिलेलं पहिलं वाक्य एवढंच होतं. ती कळव्यात राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. तिचं नाव आपण इथे घेणार नाही. तिला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात चढतं, तर कधी खोल नैराश्यात उतरतं. गेले दहा महिने ती बरी आहे, आणि म्हणूनच आज हा कागद लिहायला बसली आहे.

या कागदाला आगाऊ निर्देश म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला तो लिहिण्याचा हक्क दिला आहे. आजारात स्वतःचे निर्णय घेण्याची क्षमता गेली, तर उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे त्यात आधीच लिहून ठेवायचं. क्षमता असेपर्यंत हा कागद गप्प असतो. ती जाते तेव्हा तो लागू होतो, आणि परत आली की तिचा तोंडचा शब्द पुन्हा कागदाच्या वर.

सोशल वर्कर मॅडमनी ते वाक्य वाचलं, खोडलं मात्र नाही. त्यांनी विचारलं, "इंजेक्शन नको, म्हणजे काय नको? सुई नको, की त्या रात्री झालं ते नको?"

ती बराच वेळ काही बोलली नाही.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. तिचे हात.)

दोन वर्षांपूर्वी चार रात्री झोप नव्हती. शेजाऱ्यांची दारं वाजवून ती त्यांना आपल्या नव्या शाळेचे आराखडे दाखवत होती. एका रुग्णालयात तिला धरून हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं गेलं. काही तासांनी तिची मान एका बाजूला ओढली गेली, जबडा आवळला, डोळे वर चढले ते खाली येईनात. आपण मरतोय असं तिला वाटलं, पण जबडा बंद असल्यानं ते सांगताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला पहिल्यांदाच नीट समजावलं. ही अ‍ॅलर्जी नव्हे. या औषधानं काही जणांचे स्नायू असे आखडतात, त्याला डिस्टोनिया म्हणतात. योग्य औषध दिलं की तो सहसा लवकर उतरतो. हॅलोपेरिडॉलबरोबर प्रोमेथाझीन दिलं तर त्याचा धोका बराच कमी होतो. तिला त्या रात्री हॅलोपेरिडॉल एकटंच मिळालं होतं.

मग वाक्य बदललं. मॅडमनी सुचवलेले शब्द तिनं नाकारले आणि स्वतःचे लिहिले:

"मला हॅलोपेरिडॉल देऊ नये. त्यानं माझी मान आणि डोळे आखडले होते. शांत करायची गरज पडली तर आधी लोराझेपाम द्यावं. दुसरा इलाजच नसेल आणि हॅलोपेरिडॉल द्यावंच लागलं, तर प्रोमेथाझीनसोबतच द्यावं. आणि सुई टोचण्याआधी मला सांगावं, मी ऐकत नाहीये असं वाटलं तरी."

शेवटचं वाक्य औषधाचं नाही. पण पाचही वाक्यांत मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कारण लिहिण्याची गरज कायद्यातही आहे. डॉक्टरांना, नातेवाइकांना किंवा काळजी घेणाऱ्याला हा निर्देश पाळणं योग्य वाटलं नाही, तर त्यांना मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. मंडळ पाहतं की हे स्वेच्छेनं लिहिलं होतं का, पुरेशी माहिती घेऊन लिहिलं होतं का, आणि आता जी परिस्थिती आहे तिच्यासाठीच लिहिलं होतं का. नुसतं "इंजेक्शन नको" यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. तिची पाच वाक्यं देतात.

आणखी एक मर्यादा तिला सांगणं भागच होतं. जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर तातडीचे उपचार जास्तीत जास्त 72 तास करता येतात, आणि त्या काळात हा निर्देश बंधनकारक नसतो. ते ऐकून तिचा चेहरा उतरला. "मग लिहून उपयोग काय?"

डॉक्टर म्हणाले, "रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत मी असतो, तर मला तुमची मान आखडली होती हे कुठून कळलं असतं? बंधन नसलं तरी हे वाचून मी दुसरं औषध घेतलं असतं."

(दृश्य: दुसरी बैठक. तिचा नवरा आणि धाकटी बहीण.)

प्रतिनिधी कोण, हा भाग सगळ्यात अवघड गेला. नवऱ्यानं गृहीत धरलं होतं की तोच. तिनं बहिणीचं नाव लिहिलं.

तो दुखावला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला आजार चढतो ना, तेव्हा मला वाटतं तुम्ही जेवणात काहीतरी कालवताय. त्या वेळी तुम्ही सही केलेलं काहीही मला कटच वाटणार. ताईचं मात्र मी ऐकते, असं तुम्हीच सांगता." बहीण धाकटी, पण घरात तिला सगळे ताई म्हणतात.

प्रतिनिधी एकापेक्षा जास्त आणि क्रमानं नेमता येतात. बहीण ऐरोलीत राहते. ऐन पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की तिला कळव्यात पोचायला तास दोन तास लागू शकतात. म्हणून पहिली बहीण, ती वेळेत आली नाही तर नवरा. दोघांनीही लेखी संमती दिली.

काम काय, हे दोघांना स्पष्ट सांगितलं गेलं. ती निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हा भरतीसाठी अर्ज प्रतिनिधी करतो. अशी भरती सुरुवातीला 30 दिवसांपर्यंतच असते, आणि आधी एका मानसोपचारतज्ज्ञानं आणि दुसऱ्या एका डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकानं तिला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. संमती प्रतिनिधीनं दिली असेल, तर तिची क्षमता परत आली का हे डॉक्टरांनी दर सात दिवसांनी पाहायचं. "तुम्हाला काय योग्य वाटतं ते नाही," मॅडम बहिणीला म्हणाल्या, "हिनं काय म्हटलं असतं, ते."

दोन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. नोंदणीसाठी एक प्रत मंडळाकडे गेली, एक क्लिनिकच्या फाइलमध्ये, एक बहिणीकडे, आणि एक घडी करून तिच्या पर्समध्ये, रेल्वे पासच्या मागे. निर्देश वेळेला डॉक्टरांच्या हाती पोचवणं ही लिहिणाऱ्याची आणि प्रतिनिधीची जबाबदारी. ज्या डॉक्टरला प्रत मिळालीच नाही, त्याला तो पाळला नाही म्हणून दोष देता येत नाही.

(दृश्य: एक वर्षानंतर. तीच खोली.)

कायदा तिला कधीही बदल करू देतो, पण तिनं स्वतःच वर्षाची तारीख घातली होती. मधल्या काळात तिला नैराश्याचा एक जड झटका येऊन गेला. नऊ दिवस ती जेमतेम पाण्यावर होती.

पहिल्या कागदात तिनं लिहिलं होतं, "शॉक कधीच नको." या वेळी तिनं प्रश्न विचारले. भूल देतात का? देतात, स्नायू शिथिल करणारं औषधही देतात. त्यांच्याशिवाय हा उपचार करायला कायद्यानंच बंदी आहे. तातडीच्या 72 तासांच्या नावाखालीही तो देता येत नाही. आठवणी जातात का? आधीच्या काळातल्या काही पुसट होऊ शकतात, काही कायमच्याही जातात, हे डॉक्टरांनी लपवलं नाही.

ती घरी गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. नवं वाक्य असं होतं: "मी खाणंपिणं सोडलं, औषधांनी फरक पडत नसला आणि ताईला पटलं, तरच शॉक द्यावा. वेडाच्या भरात असताना नाही."

बदलालाही पहिल्यासारखीच पद्धत लागते. पुन्हा दोन साक्षीदार, पुन्हा सह्या, पुन्हा मंडळाकडे प्रत. घोळ होतो तो इथे, कारण नवा कागद तयार होतो आणि जुना कुठल्या तरी फाइलमध्ये तसाच राहतो. तिनं क्लिनिकमधली जुनी प्रत मागून घेतली, बहिणीलाही फोन करून तिची आणायला सांगितली, आणि पर्समधली बाहेर काढली. तिन्हींवर आडवी रेघ मारली, "रद्द" लिहिलं, आणि खाली तारीख घातली.